आशाताईंचा मोबदला: किती यायला हवा आणि किती आला, हे कसं ताडून बघायचं

कोल्हापूर जिल्ह्यात आशा स्वयंसेविका म्हणून नव्याने रुजू झालेल्या बाईला पहिल्या दोन-तीन महिन्यांत एकच प्रश्न छळतो. खात्यावर पैसे आलेत, पण ते कशाचे? कधी दोन हजार, कधी साडेसातशे, कधी एकदम मोठी रक्कम. घरचे विचारतात, "पगार किती?" आणि तिला सांगता येत नाही. मी बरीच वर्षं आशांच्या कामावर देखरेख करणारी गटप्रवर्तक म्हणून हे दावे तपासले आहेत. माझा अनुभव असा की नव्या आशांचे पैसे बुडतात ते बहुतेक वेळा कुणी खाल्ले म्हणून नाही. दावा चुकीच्या महिन्यात लागतो, त्याला जोडायचा कागद राहतो, आणि परत आलेला दावा पुन्हा कुणी लावत नाही. म्हणून इथे सगळ्या योजनांची जंत्री देत बसत नाही. एका बाळाचा मोबदला जन्मापासून खात्यावर येईपर्यंत कसा जातो, तेच नीट बघू. तो एक हिशेब जमला की बाकीचे त्याच वाटेने जमतात.

आधी पैसे कुठकुठून येतात ते वेगळं करा

आशाचं काम कागदोपत्री स्वयंसेवेचं आहे. त्यामुळे महिन्याचा ठरलेला पगार अशी गोष्ट नाही. तीन वेगळ्या वाटांनी पैसे येतात आणि तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

पहिली वाट राज्य सरकारच्या मानधनाची. ही रक्कम शासन निर्णयाने ठरते आणि वेळोवेळी वाढत गेली आहे. जुलै 2020 पासून दरमहा 2000 रुपये वाढले, जुलै 2021 पासून आणखी 1000, आणि मार्च 2024 मध्ये दरमहा 5000 रुपयांची वाढ मंजूर झाली, तीही नोव्हेंबर 2023 पासून लागू करून.

दुसरी वाट केंद्राच्या नेहमीच्या कामांची. ही दर महिन्याला येते म्हणून ती ठरलेली आहे असं वाटतं, पण ती कामांची बेरीज आहे. ऑक्टोबर 2018 पासून ती 2000 रुपये होती आणि तिची फोड अशी: गावातल्या आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवसाला बायाबाळांना गोळा करून आणण्याचे 200, ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीचे 150, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, म्हणजे पीएचसीच्या, मासिक सभेचे 150. उरलेले 1500 पाच याद्यांचे, प्रत्येकी 300: घरांची यादी, गाव आरोग्य नोंदवही व जन्म-मृत्यू नोंदीला मदत, लसीकरण द्यायचं असलेल्या बालकांची यादी, गरोदर मातांची यादी आणि पात्र जोडप्यांची यादी. 2025 मध्ये केंद्राने ही रक्कम 2000 वरून 3500 केली. तुमच्या पीएचसीत ती कोणत्या महिन्यापासून आणि कोणत्या फोडीने धरली, ते पत्र मासिक सभेत मागून घ्या आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. रक्कम बदलली तरी प्रत्येक भागाला पुरावा लागतो हे बदलत नाही. मासिक सभेला तुम्ही तीन तास बसलात पण हजेरीवर सही करायची राहिली, तर त्या सभेचे पैसे धरायला तालुक्याकडे आधारच उरत नाही.

तिसरी वाट कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्याची. बाळंतपण, बाळाच्या घरभेटी, लसीकरण पूर्ण करणं, क्षयरुग्णाला औषधं देणं, असं प्रत्येक काम स्वतंत्र आहे आणि त्याचा दर ठरलेला आहे. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, त्यामुळे लेखाचा बराचसा भाग याच वाटेवर आहे.

एक वही करा. डायरी वेगळी, ती कामाची. ही वही फक्त पैशांची. प्रत्येक ओळीत पाच रकाने: कुणाचं काम, काम पूर्ण झाल्याची तारीख, दावा कोणत्या महिन्याच्या फॉर्मात लावला, किती रुपये, आणि शेवटी खात्यावर कधी आले. शेवटचा रकाना सुरुवातीला रिकामाच राहणार. महिनोन्‌महिने रिकामा राहिलेला रकाना डोळ्यांना लगेच दिसतो, आणि वहीचा खरा उपयोग तोच.

दावा कोणत्या महिन्यात लागतो

नव्या आशाचा पहिला समज असा असतो की ज्या महिन्यात बाळ जन्मलं, त्या महिन्यात त्याचे पैसे. तसं नाही. कामाच्या सगळ्या अटी ज्या दिवशी पुऱ्या होतात, त्या दिवसाचा महिना धरायचा. नवजात बाळाच्या घरभेटींत, म्हणजे एचबीएनसीत, हे फार स्पष्ट कळतं.

एचबीएनसीचा मोबदला एका बाळामागे 250 रुपये. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा भेटी: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवसाची भेट धरून सात. सिझेरियन होऊन बाई दवाखान्यातच असेल तर सातव्या दिवसापासून पुढच्या पाच भेटी पूर्ण केल्या तरी मोबदला पुरा मिळतो. हे अनेक जणींना ठाऊकच नसतं. तिसऱ्या दिवशी घरी बाळ नव्हतं म्हणून त्या दावाच लावत नाहीत.

पण भेटी पुऱ्या झाल्या म्हणजे 250 लागू झाले असं नाही. जोडीला आणखी चार गोष्टी बघतात. बाळाचं जन्मवजन माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदलेलं हवं. बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस झालेला आणि कार्डावर चढलेला हवा. जन्माची नोंद झालेली हवी. आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघं सुखरूप हवीत.

यातली लसीची अट नव्या आशाला सगळ्यात जास्त चकवते. पेंटाचा पहिला डोस सहा आठवडे पुरे झाल्यावर. म्हणजे शेवटची भेट आणि ही लस साधारण एकाच वेळी येतात. पण लसीकरणाचं सत्र गावात महिन्यातून एकदा. बाळाचे सहा आठवडे सत्रानंतर दोन दिवसांनी भरले, तर लस पुढच्या महिन्यात आणि दावाही पुढच्या महिन्यात. पीएचसीत नेऊन लवकर टोचून आणता आलं तर उत्तम. पण ते बाळाच्या भल्यासाठी करा, 250 रुपये एक महिना अलीकडे यावेत म्हणून बाळंतिणीला एसटीत बसवू नका.

एक हिशेब तारखेनिशी

करवीर तालुक्यातलं एक गाव धरू. तिथे एक ताई 1 ऑगस्ट 2025 ला आशा म्हणून रुजू झाल्या. त्याआधी जागा काही महिने रिकामी होती आणि शेजारच्या वाडीच्या आशाताई गाव सांभाळत होत्या. गावचं सत्र दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी. नावं, तारखा समजण्यासाठी घेतल्या आहेत, दर मात्र खरे आहेत.

पहिलं बाळ. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातली बाई, 4 सप्टेंबरला ग्रामीण रुग्णालयात साधं बाळंतपण, ताई रात्री सोबत गेल्या होत्या. इथे दोन वेगळे मोबदले तयार होतात.

एक जननी सुरक्षा योजनेचा. ग्रामीण भागात आशाला यात 600 रुपये आहेत, पण ते दोन तुकड्यांत: 300 गरोदरपणातली नोंदणी आणि तपासण्या करून घेतल्याबद्दल, 300 दवाखान्यात नेऊन बाळंतपण करवून घेतल्याबद्दल. शहरी भागात हेच 200 आणि 200. आपल्या उदाहरणात नोंदणी आणि पहिल्या तपासण्या शेजारच्या आशाताईंनी केल्या. त्यामुळे पहिले 300 त्यांचे, दुसरे 300 नव्या ताईंचे. नव्या ताईंनी 600 चा दावा लावला तर तो अडकणार, आणि दोघींनी लावला तर दोन्ही अडकणार. एका फोनवर हे मिटतं: "अक्का, तपासण्यांचे तुम्ही लावा, बाळंतपणाचे मी लावते." वहीत ताईंनी लिहायचं: जननी सुरक्षा, पूर्ण 4 सप्टेंबर, दावा सप्टेंबर, 300 रुपये.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. महाराष्ट्रात जननी सुरक्षा योजना सगळ्या बाळंतपणांना नाही. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांसाठी ती आहे. तेव्हा गावात वर्षाला पंधरा बाळंतपणं झाली म्हणून पंधरा वेळा 600 असा हिशेब मांडू नका. रेशनकार्डाची किंवा जातीच्या दाखल्याची प्रत गरोदरपणाच्या नोंदणीवेळीच घेऊन ठेवा. बाळंतपणानंतर सासू कागद शोधायला लागली की महिना जातो.

दुसरा मोबदला याच बाळाच्या एचबीएनसीचा. याला जात, दारिद्र्यरेषा काही बघत नाहीत. 4 सप्टेंबर हा पहिला दिवस धरला की भेटी येतात 6, 10, 17 आणि 24 सप्टेंबर, मग 1 ऑक्टोबर आणि 15 ऑक्टोबर. शेवटची भेट 15 ऑक्टोबरला झाली. सहा आठवडे 16 तारखेला भरले. ऑक्टोबरचं सत्र मात्र 8 तारखेलाच होऊन गेलेलं. पेंटा मिळाली 12 नोव्हेंबरच्या सत्रात. म्हणून सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या बाळाचे 250 रुपये नोव्हेंबरच्या दाव्यात. ते खात्यावर येणार त्यानंतर. नव्या ताईला वाटतं तीन महिने पैसे थकले. खरं तर नोव्हेंबरच्या अर्ध्यापर्यंत ते देय झालेच नव्हते. हा फरक कळला की उगाच भांडण होत नाही आणि जिथे खरंच थकलंय तिथे जोर लावता येतो.

दुसरं बाळ. गावची लेक, सांगली जिल्ह्यात दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. 22 सप्टेंबरला कोल्हापुरातल्या खासगी दवाखान्यात सिझेरियन. जननी सुरक्षा इथे ताईंना लागू नाही. पण घरभेटी ताईंनीच करायच्या, कारण बाळ त्यांच्या गावात आहे. माहेरवाशीण आपल्या यादीत नाही म्हणून पुष्कळ आशा हे बाळ सोडून देतात. सोडू नका. कार्ड सासरच्या गावचं असलं तरी भेटींच्या नोंदी त्याच कार्डावर करा. भेटी सातव्या दिवसापासून: 28 सप्टेंबर, 5, 12 आणि 19 ऑक्टोबर, आणि 2 नोव्हेंबर. लस 12 नोव्हेंबरच्या सत्रात. बाळ-बाळंतीण तोवर माहेरीच, त्यामुळे 250 पुरे ताईंचे. मधेच ती सासरी गेली असती तर भेटी दोन आशांत विभागल्या असत्या. अशा वेळी जाण्याआधीच गटप्रवर्तकताईंना सांगा आणि दावा कुणी कसा लावायचा ते ठरवून घ्या. बाळ सासरी गेल्यावर महिन्याने ठरवायला बसलं की दोन तालुक्यांचे कागद जुळत नाहीत.

याच महिन्यात दोन बालकांचं पहिल्या वर्षातलं लसीकरण पूर्ण झालं. त्याचे प्रत्येकी 100. एका बालकाचं दुसऱ्या वर्षापर्यंतचं पूर्ण झालं, त्याचे 75.

मग नोव्हेंबरचा कामागणिक मोबदला असा होतो:

| काम | पूर्ण झाल्याची तारीख | रुपये |
|---|---|---|
| एचबीएनसी, पहिलं बाळ | 12 नोव्हेंबर | 250 |
| एचबीएनसी, दुसरं बाळ | 12 नोव्हेंबर | 250 |
| पहिल्या वर्षाचं लसीकरण, दोन बालकं | 12 नोव्हेंबर | 200 |
| दुसऱ्या वर्षापर्यंतचं लसीकरण, एक बालक | 12 नोव्हेंबर | 75 |
| एकूण | | 775 |

राज्याचं मानधन आणि नेहमीच्या कामांची रक्कम यात नाही. ती मुद्दाम बाहेर ठेवली, कारण ती वेगळ्या निधीतून आणि बहुधा वेगळ्या दिवशी येते. सगळं एका बेरजेत टाकलं की काय कमी आलं ते कधीच सापडत नाही.

दावा देताना

महिन्याचा दावा फॉर्म भरून आरोग्यसेविकेकडे जातो. त्या काम झाल्याची खात्री करून सही करतात, गटप्रवर्तक तपासतात, वैद्यकीय अधिकारी मंजूर करतात आणि पुढे तालुक्याला जातो. तालुक्यात समूह संघटक आणि लेखापाल यांच्या हातून पैसे पीएफएमएस प्रणालीतून थेट तुमच्या खात्यावर. म्हणजे तुमचा कागद चार-पाच हातांतून फिरतो, आणि प्रत्येक हाताला त्यातली एखादी ओळ लाल पेनाने खोडायचा हक्क आहे. खोडायला हरकत नाही. पण खोडलेलं तुम्हाला कळलं पाहिजे.

म्हणून सही होण्याआधी फॉर्मच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि सह्या झाल्यावर पुन्हा काढा. दोन फोटोंत फरक दिसला तर तिथल्या तिथे विचारा, "मॅडम, ही ओळ कशामुळे गेली?" त्या वेळी उत्तर मिळतं. तीन महिन्यांनी विचारलं तर कुणालाच आठवत नाही. आणि कोरा किंवा अर्धा भरलेला फॉर्म सही करून कुणाकडे ठेवू नका. "तू सही कर ताई, मी भरते," असं प्रेमानेच म्हटलं जातं, पण मग तुमच्या नावावर काय मागितलं गेलं हे तुम्हालाच माहीत नसतं.

खात्यावर आलेले पैसे जुळवणं

पासबुक महिन्यातून एकदा भरून घ्या. मोबाइलवर मेसेज येतो, पण त्यात रक्कम दिसते, कशाचे ते दिसत नाही. पासबुकातल्या नोंदीत थोडी जास्त माहिती असते. शिवाय pfms.nic.in या संकेतस्थळावर Know Your Payments या ठिकाणी बँकेचं नाव आणि खाते क्रमांक टाकून आलेले व्यवहार बघता येतात. तिथे कोणत्या यंत्रणेने कोणत्या योजनेतून पैसे टाकले ते दिसलं की राज्याचे कोणते आणि केंद्राचे कोणते हे वेगळं करायला सोपं जातं. खात्याला तुमचाच मोबाइल क्रमांक जोडलेला असू द्या, कारण ओटीपी त्याच्यावरच येतो. नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर असेल तर प्रत्येक वेळी त्यांची वाट बघत बसावं लागतं.

आता उदाहरणातल्या ताईंकडे परत. नोव्हेंबरच्या दाव्याचे म्हणून त्यांच्या खात्यावर 525 रुपये आले. वहीत 775. फरक 250. नोव्हेंबरच्या यादीत 250 ची ओळ एचबीएनसीचीच, म्हणजे दोन बाळांपैकी एकाचा मोबदला गेला. कुठल्या बाळाचा? चारही अटी एकेक करून बघितल्या. वजन दोघांचं कार्डावर आहे. लसी दोघांच्या झाल्या. दोन्ही बाळं, आया सुखरूप. जन्मनोंद पहिल्या बाळाची ग्रामीण रुग्णालयातून झाली आणि दाखल्याची प्रत जोडली होती. दुसऱ्याची? ताईंनी ग्रामपंचायतीत विचारलं, ग्रामसेवक म्हणाले नोंदच नाही. म्हणून दावा फॉर्मातला जन्मनोंदीचा रकाना ताईंनी मोकळा सोडला होता.

जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, बाळ जिथे राहतं तिथे नाही. हे बाळ कोल्हापूर शहरात जन्मलं, तेव्हा त्याची नोंद महापालिकेकडे. दवाखान्याने ती केलेलीही होती, फक्त दाखला आणायला कुणी गेलं नव्हतं. शहरातल्या दवाखान्यांत बाळंतपणं वाढल्यापासून करवीर, कागल, पन्हाळ्यात हा प्रकार नेहमीचा झाला आहे. बाळाच्या मामाला महापालिकेत पाठवून दाखला आणला, प्रत जोडली, आणि डिसेंबरच्या फॉर्मात वेगळी ओळ घातली: "मागील थकीत, नोव्हेंबर, एचबीएनसी, एक बाळ, 250." ही शेवटची ओळ घालणं फार महत्त्वाचं. नामंजूर झालेला दावा आपोआप पुढच्या महिन्यात जात नाही. तुम्ही पुन्हा मागितला नाही तर तालुक्याच्या लेखी तो संपला.

एकाच रकमेचे दोन दावे असले की कोणता गेला ते असं शोधावं लागतं. अंदाज करण्यापेक्षा तालुक्यातून त्या महिन्याच्या देयक यादीतली आपल्या नावापुढची फोड मागून घ्या. ती नसेल मिळत तर गटप्रवर्तकताईंना बघायला सांगा.

दावा बरोबर, पण पैसेच नाहीत

कधी कधी मंजुरी झालेली असते, शेजारच्या गावच्या आशाला पैसे आलेले असतात आणि तुमच्याच खात्यावर नसतात. तेव्हा खातं तपासा. नव्या आशांच्या बाबतीत सगळ्यात जास्त आढळणारी अडचण नावाची. खातं लग्नाआधी काढलेलं, माहेरच्या नावाचं. आधार सासरच्या नावाचं. नियुक्तीपत्रात तिसरंच, कुठे आजोबांचं आडनाव तर कुठे नुसतं वडिलांचं नाव. अशाने रक्कम परत फिरते आणि तालुक्याला ती परत आल्याचं कळायलाही वेळ लागतो. रुजू झाल्या झाल्या बँकेत जाऊन नाव एकसारखं करून घ्या आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची नवी प्रत तालुक्यात द्या. बँका एकमेकींत विलीन झाल्यावर आयएफएससी कोड बदलतात. जुनं पासबुक जोडलं असेल तर तेही बघा.

क्षयरोगाच्या पैशांची वाट आणखी वेगळी. नेहमीच्या क्षयरुग्णाला पूर्ण उपचार दिल्याचे 1000 रुपये उपचार संपल्यावर मिळतात, आणि ते क्षयरुग्णांच्या निक्षय या ऑनलाइन प्रणालीतल्या नोंदीवरून. तिथे औषधं देणारी म्हणून तुमचं नाव आणि खातं चढलेलं नसेल तर सहा महिने गोळ्या देऊनही नाव कुठेच नाही. रुग्ण तुमच्याकडे सोपवला त्याच आठवड्यात क्षयरोग पर्यवेक्षकांना विचारून घ्या.

वाढीचा फरक कसा काढायचा

वाढ मंजूर होते एका महिन्यात आणि लागू होते मागच्या तारखेपासून. मार्च 2024 च्या निर्णयात 5000 रुपयांची वाढ नोव्हेंबर 2023 पासून होती. समजा एखाद्या आशाला नवा दर एप्रिल 2024 पासून मिळू लागला. तर नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे पाच महिने, म्हणजे 25,000 रुपये फरक. जानेवारीत रुजू झालेल्या आशाला तीनच महिने, 15,000. फरक काढताना तीनच गोष्टी हव्यात: निर्णयातली लागू होण्याची तारीख, तुमची रुजू तारीख, आणि नवा दर पहिल्यांदा खात्यावर दिसला तो महिना. केंद्राच्या 2000 वरून 3500 च्या वाढीलाही हाच हिशेब, महिन्याला 1500 चा फरक. मैत्रिणीला किती आले यावरून आपला आकडा ठरवू नका, तिची रुजू तारीख वेगळी असते.

मागायचं कसं

तोंडी विचारणं गटप्रवर्तकांपर्यंत ठीक. त्यापुढे कागद. अर्ज वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे, प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. "मोबदला मिळाला नाही, मिळावा ही विनंती" असा अर्ज कुठेच पोहोचत नाही, कारण वाचणाऱ्याला काय शोधायचं ते कळत नाही. असा लिहा:

"मी ... गावची आशा स्वयंसेविका असून नोव्हेंबर 2025 च्या दाव्यात दोन बाळांच्या एचबीएनसीचे 500 रुपये मागितले होते. पैकी 250 रुपये जमा झाले. दुसऱ्या बाळाच्या भेटी 2 नोव्हेंबर रोजी व लस 12 नोव्हेंबर रोजी पूर्ण असून जन्मदाखला सोबत जोडला आहे. उर्वरित 250 रुपये अदा करावेत, अथवा नामंजुरीचं कारण लेखी कळवावं."

शेवटचं वाक्य गाळू नका. "अथवा कारण लेखी कळवावं" असं असलं की अर्जाला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. अर्जाच्या तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. शिक्का न देता "ठेवून जा ताई" म्हटलं तर थांबा, शिक्का घेऊनच निघा.

तालुक्यात उत्तर मिळालं नाही तर जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, तिथे जिल्हा समूह संघटक हे काम बघतात. चंदगड किंवा गगनबावड्याहून कोल्हापूरला येणं म्हणजे दिवस मोडतो, तेव्हा एकटीने येण्यापेक्षा चार-पाच जणींचे वेगवेगळे अर्ज एकीच्या हातून आणा. अर्ज मात्र प्रत्येकीचा स्वतंत्र हवा. सामूहिक निवेदन दरवाढीसाठी चांगलं, पण एका विशिष्ट महिन्याचे 250 रुपये त्याने सापडत नाहीत.

तरीही अडलं तर माहिती अधिकार. तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज, त्यावर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. "माझे पैसे का दिले नाहीत" असा प्रश्न विचारला तर उत्तर टाळता येतं. कागद मागा: अमुक महिन्याच्या माझ्या दावा फॉर्मची मंजुरीच्या शेऱ्यांसह प्रत, त्या महिन्याच्या देयक यादीतल्या माझ्या नावाच्या ओळीची प्रत, आणि लागू असलेल्या दरपत्रकाची प्रत. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे पुढच्या 30 दिवसांत अपील.

थकीत दावे शक्य तो जानेवारी-फेब्रुवारीतच लावून टाका. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपतं, शेवटच्या आठवड्यात तालुक्याच्या लेखापालासमोर सगळ्या पीएचसींचे गठ्ठे असतात, आणि जुन्या वर्षातलं देणं नव्या वर्षाच्या निधीतून काढायला वेगळी मंजुरी लागून बसते. फेब्रुवारीच्या मासिक सभेला जाताना वही सोबत घ्या, रिकाम्या राहिलेल्या रकान्यांच्या ओळी एका कागदावर उतरवा आणि तो कागद सभेतच गटप्रवर्तकताईंच्या हातात द्या.